सुतातल्या गाठी आणि निबंधातले जोडशब्द

भिवंडीत राहणाऱ्याला सुताची गोष्ट सांगायला नको. माग चालता चालता सूत तुटले की कारागीर ते गाठ मारून जोडतो. गाठ लागते ती सूत तुटले तिथे. तुटलेले नसताना कोणी वीतवीतभर अंतरावर गाठी मारीत सुटला, तर कापड खडबडीत होईल आणि व्यापारी ते परत पाठवील. परीक्षेतल्या निबंधात मुले नेमके हेच करतात. तसेच, शिवाय, त्यामुळे, तथापि, थोडक्यात, अशी दर वाक्याच्या तोंडाला एक गाठ!

आता एक नमुना ऐका. वह्या तपासताना जे नेहमी दिसते, त्यावरून मीच तो जुळवला आहे. विषय आहे ‘माझे गाव’.

‘भिवंडी हे यंत्रमागांचे गाव आहे. तसेच येथे रात्रंदिवस माग चालतात. परंतु कधी कधी वीज जाते. शिवाय कामगारांची मजुरी बुडते. त्यामुळे पुष्कळ कामगार बाहेरगावाहून आलेले आहेत. तथापि माझे वडील मागावर काम करतात.’

कानाला कसे भरीव वाटते, नाही? आता प्रत्येक जोडशब्दाला एकेक प्रश्न विचारू या. ‘त्यामुळे’ म्हटले की विचारायचे, कशामुळे? उत्तर मागच्या वाक्यात सापडले पाहिजे. मजुरी बुडते म्हणून कामगार बाहेरगावाहून आले? छे! हा जोड खोटा. ‘तथापि’ला विचारायचे, विरोध कुठे आहे? कामगार बाहेरून आले आणि वडील मागावर काम करतात, यात विरोध कसला? हाही खोटा. ‘तसेच’ काढून वाचा. काहीच बिघडत नाही. म्हणजे तो फुकटचा. ‘परंतु’ मात्र काढून पाहा. रात्रंदिवस माग चालतात, वीज जाते, ही दोन वाक्ये एकमेकांशी भांडू लागतात. हा जोड खरा, त्याला हात लावायचा नाही.

राहिला ‘शिवाय’. खरी मेख इथे आहे. मजुरी बुडणे ही वीज जाण्यात पडलेली भर नव्हे, तो तिचा परिणाम आहे. मग मुलाने ‘शिवाय’ का लिहिले? कारण मधला एक दुवा लिहायचाच राहून गेला. मागावरची मजुरी विणलेल्या कापडावर, मीटरच्या हिशेबाने मिळते. माग थांबला की मीटर थांबतात. मुलाला हे घरात रोज दिसते. पण घड्याळ पुढे पळत असते, पाठ केलेली शब्दांची यादी जिभेवर असते, आणि विचार येण्याआधी शब्द येतो. जोडशब्दाने भोक झाकले, बुजवले नाही.

आता तेच पुन्हा लिहू. ‘भिवंडीत रात्रंदिवस माग चालतात, पण वीज गेली की ते थांबतात. मागावरची मजुरी मीटरवर मोजतात, म्हणून माग थांबला की मजुरीही थांबते. माझे वडील अशाच एका मागावर आहेत. वीज गेलेल्या दिवशी ते लवकर घरी येतात आणि गप्प बसतात.’

वाक्याच्या तोंडी एकही जोडशब्द उरला नाही. जे दोन उरले, ‘पण’ आणि ‘म्हणून’, ते वाक्याच्या पोटात बसून काम करतात. बाकीची जोडणी ‘ते’, ‘अशाच’, ‘की’ यांनी आणि पुन्हा आलेल्या ‘माग’, ‘मजुरी’ या शब्दांनी केली. मराठीला ‘येऊन’, ‘जाऊन’ अशी रूपेही आहेत. ‘वडील घरी येतात. त्यानंतर ते हातपाय धुतात’ याऐवजी ‘घरी येऊन हातपाय धुतात’ म्हटले की गाठ दिसतच नाही.

हा दोष मराठीपुरता नाही. परदेशी शिकायला जाणाऱ्या अनेकांना आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. तीत 40 मिनिटांत किमान 250 शब्दांचा निबंध लिहायचा असतो. तिथेही यांत्रिक जोडणीला मधलीच श्रेणी मिळते. वरची श्रेणी मिळते ती जोडणी वाचणाऱ्याच्या फारशी लक्षातही येत नाही अशा लेखनाला.

गुरुजनहो, म्हणून मुलांना एवढेच सांगा. शेवटची पाच मिनिटे राखून ठेवा. प्रत्येक वाक्याच्या पहिल्या शब्दावर बोट ठेवीत खाली या. ओळीने तीन वाक्ये जोडशब्दानेच सुरू झाली, तर थांबा. तो शब्द बोटाने झाकून वाचा. अर्थ तसाच राहिला तर खोडा. अर्थ तुटला तर ठेवा. आणि शब्द चुकीचा वाटतो, पण दुसरा कोणताच बसत नाही, असे झाले, तर शब्द शोधीत बसू नका. राहून गेलेले वाक्य लिहा.

आपणही वही तपासताना नुसते ‘जोडशब्द वापरा’ असा शेरा मारू नये. ‘शिवाय’भोवती तांबडे वर्तुळ करून समासात विचारावे : ‘बाळ, मजुरी का बुडते?’ त्या प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी आहे.