पर्सचा तळ लोंबू नये म्हणून

मागच्या पावसाळ्यात आमच्या गटाच्या पंधरा पर्स परत आल्या. कापड चांगलं होतं, शिलाईही सरळ होती. पण तळात आम्ही पुठ्ठा घातला होता. तो भिजून मऊ पडला आणि डबा, पाण्याची बाटली ठेवली की तळ झोळीसारखा लोंबायला लागला. तेव्हापासून आम्ही पुठ्ठा वापरत नाही.

आता माप घ्या. पर्स १२ इंच रुंद, ९ इंच उंच आणि तळ ४ इंच. पुढचा-मागचा भाग १३ बाय १० कापायचा, म्हणजे चारी बाजूंनी अर्धा इंच माया झाली. बाजू आणि तळ मिळून एकच पट्टी लागते, तिला गसेट म्हणतात. ९, १२ आणि ९ मिळून ३० इंच, वर दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा इंच माया. पट्टी ३१ इंच लांब, ५ इंच रुंद. दोन्ही टोकांपासून साडेनऊ इंचांवर खूण करा. तिथे तळाचा कोपरा येतो. खुणेवर मायेत जेमतेम अर्धा इंच कातरी मारा, नाहीतर कोपरा वळत नाही, तिथे चुणी पडते. शिलाईच्या रेषेपलीकडे मात्र कातरी जाऊ देऊ नका.

सुती कापड आधी भिजवून, वाळवून घ्या. नाहीतर नंतर कापड आटतं, बकरम आटत नाही आणि वर फुगे येतात. चिकटणारं बकरम मायेशिवाय, म्हणजे १२ बाय ९ कापा. मायेत बकरम आलं की घरच्या मशीनची सुई मोडते. खरखरीत चकाकती बाजू कापडाच्या उलट्या बाजूला ठेवा, वर ओलसर फडकं घाला आणि इस्त्री न घासता दहा-बारा सेकंद दाबून धरा. गार झाल्यावर कोपरा ओढून बघा. सुटला तर पुन्हा दाबा. काही जणी फोम घालतात. त्याने पर्स गुबगुबीत होते, पण तळ ताठ होत नाही.

तळासाठी जाड प्लास्टिक शीट घ्या. दुकानात तुकडा एका टोकाला धरून बघा, दुसरं टोक खाली झुकलं तर नको. पावणेबारा बाय पावणेचार इंच कापा आणि कोपरे गोल करा, नाहीतर टोक अस्तर फाडतं. त्याला कापडाची खोळ शिवून तळात नुसतं ठेवा. पर्स धुताना काढता येतं. आपल्याकडच्या मे महिन्यात उन्हातल्या बंद गाडीत मात्र पर्स ठेवू नका, शीट वाकते.

राहिल्या कड्या. जळगावच्या फुले मार्केटात घ्या की धुळ्यात, लहान चुंबक सोबत न्या. चुंबक चिकटलं तर कडी लोखंडी, मुलामा गेला की गंजणार. पितळेला चिकटत नाही. चुंबकाचं बटण अस्तर जोडण्याआधी बसवायचं, मागे बकरमचा दुहेरी तुकडा देऊन. नुसत्या कापडावर लावलेलं बटण ओढून ओढून भोक मोठं करतं.