आय आधी की ई आधी?

इंग्रजी शब्द लिहिताना आय आधी की ई, असा प्रश्न पडला, तर उच्चार ऐका. दीर्घ ‘ई’ ऐकू आली, तर बहुधा आय आधी: फील्ड, पीस, बिलीव्ह. पण या जोडीच्या लगेच आधी सी असेल, तर ई आधी. रिसीव्ह लिहून पाहा: आर, ई, सी, ई, आय, व्ही, ई. सीलिंगही तसेच. उच्चार ‘ए’ असेल, तर सी नसतानाही ई आधी: नेबर, एट म्हणजे आठ. सायन्समध्ये दीर्घ ‘ई’ नाही, म्हणून तिथे हा नियम लागत नाही. खरे अपवाद वेगळे. सीझ, प्रोटीन, कॅफीन यांत सी नसूनही ई आधी येतो. स्पीशीजमध्ये सी असूनही आय आधी. हे चार शब्द पाठच करा.