औषधांमुळे कोरडे पडणारे तोंड आणि उतारवयातील दात



साठीनंतर दात वयोमानाने जातात असे आपण गृहीत धरतो. पुष्कळदा त्यामागे वय नसून औषधांनी आटलेली लाळ असते. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती अन्नकण धुऊन नेते, आम्ल शमवते आणि दातांना कॅल्शियम पुरवते. नसांच्या दुखण्यावरील अमिट्रिप्टिलिन, लघवीवरील नियंत्रणासाठीचे ऑक्सिब्युटिनिन, सर्दीवरील क्लोरफेनिरामिन ही औषधे लाळग्रंथींना मिळणारा संदेश अडवतात. अशी दोन-तीन औषधे एकत्र आली की परिणाम वाढतो.

उदाहरणादाखल सत्तरीचे एक गृहस्थ घेऊ. पायांच्या आगीसाठी ते रोज रात्री अमिट्रिप्टिलिन घेतात आणि त्यात सर्दीच्या गोळीची भर पडते. खाकरा पाण्याशिवाय गिळवत नाही, जीभ टाळूला चिकटते. म्हणून ते दिवसभर गालात खडीसाखर धरतात. खरा घात इथेच होतो. साखरेपासून जंतू आम्ल बनवतात आणि ते धुऊन न्यायला लाळ नसते. हिरड्या सरकल्याने उघडी पडलेली मुळे वरच्या कवचापेक्षा मऊ असल्याने आधी किडतात. हिरडीलगत पिवळट-तपकिरी, मऊ डाग दिसतो. बहुधा दुखत मात्र नाही.

अशा वेळी औषध स्वतःहून बंद करू नये. सर्व गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवून पर्याय, मात्रा किंवा वेळ बदलता येईल का, हे विचारावे. मधुमेहानेही तोंड कोरडे पडते, म्हणून रक्तातील साखरही तपासून घ्यावी. खडीसाखरेऐवजी पाण्याचे लहान घोट घ्यावेत किंवा दात चांगले असल्यास झायलिटॉलयुक्त बिनसाखरेचे च्युइंगगम चघळावे. हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारात पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच ठेवावे. लिंबाच्या फोडीने लाळ सुटते खरी. पण तिचे आम्ल उघड्या मुळांना झिजवते.

झोपेत लाळ आणखी घटते. म्हणून रात्रीपूर्वीचे दात घासणे सर्वांत मोलाचे. ज्यांचा चौविहार असतो त्यांनी सायंकाळच्या भोजनानंतर, सूर्यास्तापूर्वीच मऊ ब्रशने हिरडीलगत दात घासावेत. फ्लोराइडयुक्त पेस्टचा फेस थुंकून टाकावा. लगेच पाण्याने खळखळून चूळ भरू नये, म्हणजे फ्लोराइड दातांवर टिकते. रात्रीची गोळी सूर्यास्तापूर्वी घेता येईल का, हेही डॉक्टरांना विचारून ठरवावे.

आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे, त्यामुळे पेस्टविषयी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु अपाय होतो तो वर्षानुवर्षे पोटात जाणाऱ्या पाण्याने. थुंकून टाकलेली पेस्ट केवळ दाताच्या पृष्ठभागावर काम करते.

कवळी रात्री काढून, स्वच्छ करून पाण्यात ठेवावी. तोंड कोरडे पडत असल्यास, दुखत नसले तरी, दर सहा महिन्यांनी दंतवैद्यांकडून मुळे तपासून घ्यावीत. डाग लहान असतानाच दात वाचवता येतो.