भागळीबाहेरची बाग

हजीऱ्याच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं मोजणीच्या कामावर होतो. सुट्टीच्या दिवशी आम्ही चार-पाच मराठी कुटुंबं बसने सुरतेला जात असू. बस शहरात शिरली की एकेक थांबा यायचा, अठवा गेट, मजुरा गेट, मग उधना दरवाजा, मान दरवाजा, सहारा दरवाजा, दिल्ली दरवाजा. एकदा माझ्या मुलीनं विचारलं, ‘‘बाबा, इतके दरवाजे आहेत, मग भिंत कुठंय?’’ मी मोजणीतला माणूस, पण मला उत्तर देता आलं नाही. पुढे एका जुन्या नकाशाशी झगडत ते मी शोधलं. आज त्याचीच हकीगत सांगतो.

माझ्या हाती आली ती भारतीय सर्वेक्षण विभागाच्या दोन जुन्या शीट्सची झेरॉक्स. प्रमाण एका इंचाला एक मैल. या विभागाचे नकाशे अक्षांश-रेखांशांच्या चौकटींत कापलेले असतात. पाव अंश उंच, पाव अंश रुंद असं एक शीट. सुरत येतं 46 C/16 वर आणि हजीरा त्याला पश्चिमेकडून लागून असलेल्या 46 C/12 वर. मी दोन्ही शीट्स कडेला कडा लावून टेबलावर चिकटवली आणि पट्टी ठेवली.

पहिली चूक इथंच झाली. हजीरा ते सुरतेचा किल्ला हे सरळ रेषेतलं अंतर मला बारा इंच भरलं, म्हणजे बारा मैल. प्रत्यक्षात ते साडेबारा मैलांच्या जवळ आहे. नकाशा खोटं बोलत नव्हता, कागद बोलत होता. जुना कागद आकसतो, आणि झेरॉक्सचं यंत्र त्यात आपली भर घालतं. म्हणून शीटवर छापलेल्या ‘एक इंच म्हणजे एक मैल’ या ओळीवर कधी विसंबू नये. खाली छापलेली मापपट्टी कागदाबरोबरच आकसलेली असते, ती वापरावी. किंवा शीटच मोजावं. पाव अंश अक्षांश म्हणजे सुमारे सव्वासतरा मैल, तेव्हा शीटची उंची सव्वासतरा इंचांच्या आसपास हवी. माझी भरली साधारण पावणेसतरा. म्हणजे शंभरात तीनची तूट. ऐकायला किरकोळ वाटते, पण वीस किलोमीटरच्या अंतरात ती सहाशे मीटर होते, आणि सहाशे मीटरमध्ये माणूस एका दरवाजातून दुसऱ्या पेठेत जातो.

दुसरी चूक नदीची. जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवायचा तर दोन्हींत सारख्या सापडणाऱ्या, जागा न सोडलेल्या खुणा लागतात. निदान चार, आणि त्याही एका ओळीत नाही, चारी बाजूंना पसरलेल्या. मला वाटलं, तापीचा काठ आहेच की, ठळक निळी रेघ. तो धरून ट्रेसिंग पेपर बसवला, तर किल्ला पाण्यात गेला! तापी पुराची नदी आहे. तिच्या मुखाकडे गाळाची बेटं वाढतात, काठ सरकतो, पुढे माणूसही बांध घालून तो सरकवतो. नदी सोडून मग मी किल्ल्याचा बुरूज धरला, रेल्वेमार्ग धरला, आणि आजही उभी असलेली देवळं-मशिदी धरल्या. तेव्हा ट्रेसिंग पेपर जागेवर बसला. किल्ला 1546 मध्ये पुरा झालेला. इतकी वर्षं तो हललेला नाही, एवढी खात्री पुरे.

तिसरी गोष्ट तारखेची. नकाशावर छपाईचं साल असतं, पण मोजणी त्याआधी कितीतरी वर्षं झालेली असते आणि मधल्या काळात नवे रस्ते-रूळ त्यावर नुसते वरून चढवलेले असतात. म्हणून साल वाचू नये, खुणा वाचाव्यात. सुरतेला रेल्वे आली 1860 च्या सुमारास. तापीवरचा होप पूल 1877 चा. उधन्याहून खानदेशात जाणारी तापी व्हॅली रेल्वे 1900 ची. यातलं काय आहे आणि काय नाही हे पाहिलं, की तुमच्या हातचा नकाशा कोणत्या दोन सालांमधला आहे ते उमगतं.

आता दरवाजांकडे येऊ. रेडिओवर नकाशा दाखवता येत नाही, म्हणून अर्धी भाकरी डोळ्यांपुढे आणा. तिची सरळ कड म्हणजे तापीचा काठ. त्या कडेच्या मध्यावर किल्ला. गोल कड म्हणजे तटबंदी. पण सुरतेची गंमत अशी, की या भाकरीत आणखी एक लहान अर्धी भाकरी आहे. सुरतेला दोन कोट होते. आतल्याला म्हणत शहरपनाह आणि बाहेरच्याला आलमपनाह.

आतल्या कोटाशी आपलं नातं आहे. 1664 च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर आले, तेव्हा शहराला नावापुरता मातीचा कोट होता. महाराजांचा तळ पडला तो बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेरच्या बागेत. त्या स्वारीनंतर मोगलांनी विटांचा पक्का कोट घातला. 1670 मध्ये महाराज दुसऱ्यांदा आले आणि त्या कोटालाही दाद दिली नाही. पुढे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बाहेरचा कोट उठला.

तो बुऱ्हाणपूर दरवाजा आज कुठं शोधायचा? सुरतेत ‘भागळ’ नावाचा चौक आहे. कायम गजबजलेला. गुजरातीत भागळ किंवा भागोळ म्हणजे गावाची वेस. बुऱ्हाणपुरी भागळ म्हणजे बुऱ्हाणपूरकडे जाणाऱ्या वाटेवरची वेस. दरवाजा गेला, बुऱ्हाणपूरही नावातून गळून पडलं, उरली नुसती ‘वेस’, आणि ती आज शहराच्या मधोमध आहे.

नकाशावर किल्ल्यापासून भागळ साधारण एक किलोमीटर. तिथून आणखी तेवढंच पुढे गेलं की दिल्ली दरवाजा, म्हणजे बाहेरचा कोट. म्हणजे दुसऱ्या कोटानं शहराची त्रिज्या दुप्पट केली. पण त्रिज्या दुप्पट झाली की जागा चौपट होते. एक किलोमीटर त्रिज्येच्या अर्धवर्तुळाचं क्षेत्र दीड चौरस किलोमीटर, दोन किलोमीटरच्या अर्धवर्तुळाचं सहाच्या वर. हिशेब ढोबळ आहे, कारण नदीची कड सरळ नाही आणि कोटही कंपासनं आखलेला नव्हता. पण त्यानं एक गोष्ट कळते. एवढी जागा एकदम घरांनी भरत नसते. दोन कोटांच्या मधल्या पट्ट्यात बागा होत्या, शेतं होती, नव्यानं वसलेले पुरे होते. नावं पाहा, रामपुरा, हरिपुरा, बेगमपुरा, सलाबतपुरा, रुस्तमपुरा, सग्रामपुरा, नानपुरा. आत मात्र चौक, नाणावट, कणपीठ, सोनी फळिया. आत बाजाराची नावं आणि बाहेर पुऱ्यांची. आमच्या पुण्यात कसबा आणि पेठा वेगळ्या ओळखू येतात ना, तसंच.

नावं फसवूही शकतात, म्हणून दुसरा पुरावा लागतो. त्यासाठी एक इंची नकाशा कामाचा नाही. त्यावर अख्खी जुनी सुरत अडीच इंचांत मावते. तिथं सिटी सर्व्हेचे मोठ्या मापाचे तक्ते हवेत, ज्यांवर घरन् घर आणि बोळ दिसतो. त्या तक्त्यांवर गल्ल्यांचं तोंड पाहायचं. कोट असताना आतली गल्ली कोटापाशी येऊन थांबते आणि बाहेरची गल्ली बाहेरून येऊन थांबते. कोट पडल्यावर दोघी समोरासमोर येतात, पण जुळत नाहीत. एक इथं संपते, दुसरी दहा पावलं डावीकडे सुरू होते. असे न जुळणारे सांधे एकामागून एक एका वाकड्या रेषेत दिसू लागले, की समजावं, इथं भिंत होती. कापड उसवून पुन्हा शिवलं की टाके दिसतात, तसं.

तिसरा पुरावा थडग्यांचा. जिवंतपणी व्यापारी बाजारात राहतो, मेल्यावर वेशीबाहेर जातो. इंग्रज आणि डच वखारवाल्यांच्या टोलेजंग कबरी सुरतेत कतारगाम दरवाजाच्या बाजूला आहेत. त्यांतली ख्रिस्तोफर ऑक्झेंडनची 1659 ची, म्हणजे महाराजांच्या पहिल्या स्वारीच्याही आधीची. तेव्हा त्या साली शहराची कड त्या कबरीच्या अलीकडेच कुठंतरी असणार. स्मशानं, कबरस्तानं, वीटभट्ट्या, तळी, यांना ऐसपैस जागा लागते आणि शेजार नको असतो. म्हणून ती गावाच्या कडेला जाऊन बसतात. गाव पुढे निघून जातं, ती तिथंच राहतात. एम. आर. जी. कॉन्झेन या भूगोलज्ञानं 1960 मध्ये इंग्लंडमधल्या ॲनिक या छोट्या गावाच्या नकाशांवरून नेमकी हीच गोष्ट दाखवली होती.

रेल्वेनंही तेच केलं. सुरतेचं स्टेशन दिल्ली दरवाजाच्या बाहेर आहे. मोकळी, स्वस्त जमीन तिथंच होती. पण त्यानंतरही शहर लगेच कोटाबाहेर सांडलं नाही. मुंबई वाढली तशी सुरत आधीच ओसरली होती. त्यात 1837 च्या आगीत नऊ हजारांवर घरं जळाली होती. 1901 च्या शिरगणतीत लोकसंख्या होती सव्वा लाखाच्याही आत. दोनशे वर्षांपूर्वी घातलेला अंगरखा तेव्हाही शहराला सैलच होता. म्हणूनच कोट पडला तरी त्याच्या खालची आणि खंदकाची पट्टी बरीचशी मोकळी राहिली, आणि पुढे शहराला मोठा रस्ता हवा झाला तेव्हा ती आयती सापडली. सुरतेचा रिंग रोड अठव्यापासून मजुरा, उधना, मान, सहारा असा वळत जातो तो बाहेरच्या कोटाच्या मार्गानंच. माझ्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. आपली बस भिंतीच्या जागेवरूनच चालली होती.

त्या जुन्या शीटवर उधना, लिंबायत, डिंडोली ही शेतांमधली सुटी गावं आहेत. उधना दरवाजा म्हणजे उधन्याला निघणाऱ्याचा दरवाजा, जसा दिल्ली दरवाजा दिल्लीला निघणाऱ्याचा. वेशीला नाव बहुतेकदा बाहेरच्या गावाचंच पडतं. आज त्या तिन्ही गावांत खानदेशातून आलेली हजारो मराठी घरं आहेत. भागळीबाहेरच्या त्या बागेची जागा मात्र मला नकाशावर नेमकी ठरवता आलेली नाही. भागळ आणि दिल्ली दरवाजा यांच्यामधल्या पट्ट्यात ती असावी, इतकंच बोट ठेवता येतं. बोटाखाली आज साड्यांची दुकानं आहेत.