दुसऱ्याचं वेळापत्रक आणि आपली वही
(विहाराच्या वर्धापनदिनी दापोडी येथे विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



आज आम्ही एकाच गोष्टीवर बोलणार आहोत. आपली पोरं मोबाईलवर पहिल्या आलेल्यांचे व्हिडिओ बघतात. पहाटे चारला उठलो, चौदा तास अभ्यास केला, असं तो सांगतो. पोरगं तेच वेळापत्रक भिंतीला चिकटवतं, आठ दिवसांत ते मोडतं आणि पोरगं म्हणतं, आपल्याच्यानं होत नाही.

आता विचार करा. चौदा तास बसूनही जो नापास झाला, त्याचा व्हिडिओ कोण काढतो? म्हणजे आपल्याला दिसतात ते फक्त निवडलेले. शिवाय तो सांगतो ते बहुधा शेवटच्या दोन-तीन महिन्यांचं, जेव्हा पाया झालेला असतो, कदाचित तिसरा प्रयत्न असतो. त्याला कामाची पाळी होती का, घरी किती माणसं होती, हे त्यात नसतं. आपल्याकडे भीमजयंतीला अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. तो बाबासाहेबांना अभिवादन म्हणून एका दिवसाचा, रोजचं माप म्हणून नव्हे. आणि बाबासाहेबांचंच बघा. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचा अभ्यास अर्धा सोडून यावं लागलं. मग सिडनहॅम कॉलेजात नोकरी केली, पैसे साठवले, उसने घेतले आणि १९२० ला पुन्हा गेले. हातात काय आहे ते मोजून पुढचं ठरवलं.

आम्ही गिरणीतली माणसं. साच्यावर किती कापड निघायला हवं हे ठरवायचं तर आधी तो साचा आज किती काढतो ते मोजावं लागतं. अभ्यासाचंही तसंच.

आपल्या वस्तीतल्या एका मुलाचं सांगतो. भोसरीत वर्कशॉपला जातो, एक आठवडा सकाळपाळी, एक आठवडा दुपारपाळी. त्याला म्हटलं, सात दिवस काहीच बदलू नकोस, फक्त खरोखर पुस्तक उघडून बसलास ती मिनिटं वहीत लिही. व्हिडिओची मिनिटं वेगळ्या रकान्यात. त्याचा अंदाज होता रोज पाच तास. भरले आठवड्याचे नऊ तास वीस मिनिटं, म्हणजे दिवसाला ऐंशी मिनिटं. व्हिडिओ मात्र अकरा तास!

मग एका जिल्ह्याची जुनी प्रश्नपत्रिका दिली. शंभर गुण, नव्वद मिनिटं, घड्याळ समोर. मराठी व्याकरण १७, सामान्य ज्ञान ११, बुद्धिमत्ता १४, गणित ७. एकूण ४९. गणिताच्या पंचवीसपैकी बारा प्रश्नांना त्यानं हातच लावला नव्हता. तेच बारा दुसऱ्या दिवशी घड्याळाशिवाय सोडवायला दिले, तर आठ बरोबर आले. म्हणजे रीत येत होती, हात चालत नव्हता. आणि हा पठ्ठ्या रोज नव्या नव्या रीतींचे व्हिडिओ बघत होता! बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं, कारण गणित समोरचा सोडवत असतो. त्याला पाहिजे होते पाढे, वर्ग, अपूर्णांक आणि शेकडेवारी, रोज वीस मिनिटं कागद-पेनानं.

बेत केला आठवड्याला दहा तासांचा, म्हणजे आहे त्याहून जेमतेम चाळीस मिनिटं जास्त. गणित साडेतीन तास, बुद्धिमत्ता दोन, सामान्य ज्ञान दोन, मराठी अर्धा, आणि रविवारी प्रश्नपत्रिका व तपासणी मिळून दोन. वेळ ‘सकाळी पाच ते सात’ अशी बांधली नाही. पाळी बदलली की घड्याळाचं वेळापत्रक मोडतं. आठवड्याचे तास मात्र इकडचे तिकडे करता येतात. दोन आठवडे दहा तास सलग भरले तरच अकरा करायचे. भरले नाहीत तर नऊवर यायचं, रडायचं नाही. व्हिडिओ बंद केला नाही, पण नियम घातला: प्रश्नपत्रिकेत जे अडलं तेवढ्याचाच बघायचा, आणि बघून झाला की मोबाईल पालथा ठेवून त्याच प्रकारची दहा उदाहरणं स्वतः सोडवायची. चार-पाचच जमली तर व्हिडिओ नुसता बघितला असं समजायचं.

तीन आठवड्यांनी दुसऱ्या जिल्ह्याची प्रश्नपत्रिका दिली, गणितात ११ आले आणि न सोडवलेले प्रश्न बारावरून पाचावर आले. तीच प्रश्नपत्रिका पुन्हा देऊ नये, उत्तरं पाठ असतात, गुण फुगतात. आणि एका प्रश्नपत्रिकेत चार गुण कमी-जास्त झाले तर लगेच बेत बदलू नका, कारण एखादी प्रश्नपत्रिका अवघडच असते. सलग तिघींची सरासरी धरा. मागच्या भरतीत आपल्या प्रवर्गाची यादी किती गुणांवर थांबली, तेही बघायला हवं. पण त्यानं अजून किती जायचंय ते कळतं, आज कुठून निघायचं ते आपल्याच वहीतून कळतं.

आणि पालकांनो, शेजारच्याचा पोरगा किती तास बसतो हे घरात विचारू नका. या आठवड्यात वहीत किती मिनिटं पडली, ते विचारा. ज्यांना वही घालून घ्यायची आहे त्यांनी रविवारी सकाळी वंदनेनंतर विहारात थांबावं, येताना जुनी प्रश्नपत्रिका आणि घड्याळ आणावं. जयभीम.