विभाजित स्तंभालेखातली मुंबई

नववीच्या गणितात आपण सगळ्यांनी विभाजित स्तंभालेख काढलेला आहे. एकच स्तंभ, पण आत रंगीत थर. काढायला सोपा, वाचताना मात्र भलेभले फसतात. आज महाराष्ट्राच्या जनगणनेचे दोनच स्तंभ बघू, 2001 आणि 2011 चे. तळाला ग्रामीण लोकसंख्या, मध्ये बृहन्मुंबई, वर बाकीची शहरं.

2011 च्या स्तंभात ग्रामीण थर 6.16 कोटींवर संपतो, मुंबईचा 7.40 वर, आणि माथा 11.24 वर. मुंबईची लोकसंख्या किती, असं विचारलं की काहीजण झटकन 7.40 म्हणतात. पण तो झाला गावं आणि मुंबई यांचा मिळून आकडा. मधल्या थराची उंची वरच्या कडेतून खालची कड वजा केल्यावर मिळते: 1.24 कोटी. शून्यापासून सुरू होतो तो फक्त तळचा थर, म्हणून सरळ वाचता येतो तो एकटाच.

आता 2001 कडे या. तिथे कडा आहेत 5.58, 6.78 आणि 9.69. म्हणजे दहा वर्षांत मुंबईच्या थराची वरची कड 62 लाखांनी वर सरकली. डोळ्यांना वाटतं, मुंबई फुगली! प्रत्यक्षात 58 लाख वाढले ते खालच्या ग्रामीण थरात. मुंबई त्याच्याबरोबर नुसती उचलली गेली. पूर्णांकन न केलेल्या आकड्यांवरून तिची स्वतःची वाढ साधारण साडेचार लाख.

आणि वाटा? 11.24 चा दहावा भाग 1.12, उरलेले 0.12 म्हणजे आणखी सुमारे एक टक्का. एकूण अकरा टक्के. 2001 मध्ये हाच वाटा बारा टक्क्यांच्या थोडा वर होता. माणसं वाढली, वाटा घटला, दोन्ही खरं. पण प्रश्नात ‘शहरी लोकसंख्येत मुंबईचा वाटा’ असेल, तर छेद बदलतो. माथ्यातून ग्रामीण थर वजा करा: 5.08 कोटी. त्याचा पाव भाग 1.27, म्हणजे मुंबई पाव हिश्शाला किंचित कमी. 2001 मध्ये 4.11 पैकी 1.20, म्हणजे 29 टक्के. परीक्षेत गुण जातात ते बहुधा इथेच: भागाकार बरोबर, छेद चुकीचा.

एक मर्यादा सांगतो. हे आकडे मी तक्त्यातून घेतले. स्तंभावर आकडे छापलेले नसतील आणि अक्षावर दोन-दोन कोटींच्या रेघा असतील, तर प्रत्येक कड वाचताना पाच-दहा लाख इकडेतिकडे होणारच. मुंबईसाठी दोन कडा वाचायच्या, त्याही दोन्ही वर्षांच्या. त्या चुकांत साडेचार लाखांची वाढ पार बुडून जाते. अशा आलेखावरून मुंबई वाढली की घटली, हे सांगूच नये. तेच दाखवायचं असेल, तर आलेख काढणाऱ्यानं मुंबईचा थर तळाला ठेवावा आणि त्यावर आकडेही छापावेत.