शब्द टाकणारीला निरोप



मंडळाच्या वर्धापनदिनी दोन शब्द बोल, असे मला सांगण्यात आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषण करावयाची सवय नाही. म्हणून माझ्या फराळाच्या उद्योगात मला जे एकदा चांगलेच नडले, तेवढेच सांगते.

आपल्या पिंपळे सौदागरमध्ये माझ्या डोळ्यांदेखत शेते जाऊन उंच इमारती झाल्या. त्यांत राहावयास आलेली माणसे गावोगावची. त्यांना चकली, लाडू घरचे हवे असतात, पण कोणाकडून घ्यावेत ते ठाऊक नसते. पाटी लावून माझ्याकडे कोणी आले नाही. जे आले ते कोणीतरी माझ्यासाठी शब्द टाकला म्हणून आले.

शेजारच्या इमारतीत एक वडीलधाऱ्या बाई आहेत. त्यांना मी माई म्हणते. 2023 च्या दिवाळीपूर्वी त्यांनी आपल्या मुलीच्या नणंदेला माझे नाव सांगितले. नणंद वाकडला राहते. तिने आपल्या व शेजारणींच्या मिळून 12 किलो चकली व 10 किलो बेसनाचे लाडू मागितले. एवढी मोठी मागणी मला तोवर कधी आली नव्हती. आनंदाच्या भरात मी भाजणी दळावयास टाकली, पण मागणी मिळाली हे माईंना सांगावयाचे राहिले. भेटल्यावर सांगू, असे म्हणत दिवस गेले.

माल न्यावयाच्या दिवशी पहाटे चारपासून चकल्या तळल्या. टेंपो दहा वाजता यावयाचा होता. शेवटचे घाणे नीट निवण्यापूर्वीच मी पिशव्यांत भरून तोंडे बंद केली. चकली वरून गार लागते, पण आत ऊब असते. ती वाफ पिशवीत कोंडते आणि चकली मऊ पडते. ओळखावयाचे कसे, तर पिशवी बंद करून पाव तास ठेवावी. आतून धुके किंवा पाण्याचे थेंब दिसले, तर उघडून चकल्या पुन्हा पसराव्यात. हे मला माहीत होते, घाईत केले नाही.

दोन दिवसांनी वाकडहून फोन आला की चार किलो चकली मऊ निघाली. मी त्याच रात्री भाजणी भिजवली आणि दुसऱ्या दिवशी चार किलो ताजी चकली स्वतः पोचवली. पैसे घेतले नाहीत. बाईंचे समाधान झाले. मला वाटले, विषय मिटला. माईंना मात्र लाजेने काहीच बोलले नाही.

भाऊबीजेला माई मुलीच्या सासरी गेल्या. तेथे विहीणबाई चारचौघींत म्हणाल्या, “तुमच्या ओळखीची चकली मऊ होती हो.” माईंना काही ठाऊकच नव्हते. माल गेला कधी, बिघडला कधी, बदलून दिला कधी, यातले एक अक्षरही त्यांच्या कानी नव्हते. त्या खाली मान घालून बसल्या. परत आल्यावर मला म्हणाल्या, “अगं, चकली मऊ पडली याचे काही नाही. माझ्याही पडतात. पण तू बदलून दिलीस एवढे मला ठाऊक असते, तर तेथल्या तेथे उत्तर दिले नसते का?”

भगिनींनो, तेव्हा मला उमगले. आपल्यासाठी शब्द टाकणारी बाई आपले नाव जामीन ठेवते. माझे चार किलो पीठ गेले. माईंचा विहिणीपुढे मान गेला. लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थाला मानाचा आहेर करतो, आणि पुढे काही बिनसले तर पहिला शब्दही त्यालाच ऐकावा लागतो. उद्योगातही तसेच आहे.

त्या दिवाळीनंतर मी वही केली. पाच रकाने आखले: तारीख, कोणी सांगितले, कोणाला, काय झाले, आणि शेवटचा, कळवले का. या शेवटच्या रकान्यात खूण झाल्याशिवाय मी तो व्यवहार पुरा झाला असे मानीत नाही.

कोणी नाव सुचवले की त्याच संध्याकाळी कळवते, “तुम्ही सांगितलेल्या बाईंशी बोलले, रविवारी नमुना देणार आहे.” मागणी ठरली की दुसरा निरोप. त्यात नुसते आभार नसतात. कोणी, काय व किती मागितले ते सांगते, म्हणजे आपल्या शब्दाचे काय झाले ते तिला कळते. भाव किती ठरला, पैसे उशिरा आले का, त्यांच्या घरी काय पाहिले, हे सांगत नाही. ती गिऱ्हाइकाची गोष्ट. मागणी मिळाली नाही, तरी “या वेळी जमले नाही, पण तुम्ही आठवण ठेवलीत” एवढे कळवते. गिऱ्हाइकाला नावे ठेवीत नाही, कारण ते तिचे नातलग असते.

माल पोचला की मात्र फोनवर भागवत नाही. स्वतः जाते आणि त्याच घाण्यातला पावशेर फराळ डब्यातून देते. मागणीच्या आधी दिला तर ती लालूच वाटते. आणि आभार मानावयास गेले असता त्याच तोंडाने “आणखी कोणी असेल तर सांगा” असे म्हणत नाही. म्हटले की आभार तेथेच फुकट जातात.

पैसे द्यावेत का, असे मला काहींनी विचारले. मी माईंना एकदा शंभराच्या नोटा पुढे केल्या होत्या. त्या म्हणाल्या, “मी काय दलाल आहे?” फराळात हा मनाचा प्रश्न आहे, पण घरांच्या विक्रीत तो कायद्याचा आहे. आपल्याकडे फ्लॅटची ओळख करून देण्याचे पुष्कळ चालते, म्हणून सांगते. 2016 च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणे गिऱ्हाईक व विकणारा यांची गाठ घालून देऊन जो मोबदला घेतो, तो दलाल ठरतो, आणि नोंदलेल्या प्रकल्पातील घरासाठी असे काम करावयाचे तर त्याला महारेराकडे आपलीही नोंदणी करावी लागते. तेव्हा तेथे पाकीट देण्याघेण्यापूर्वी विचार करावा.

सर्वांत महत्त्वाचा निरोप बिघाडाचा. तो त्याच तासाला द्यावा, आणि त्यात दोन गोष्टी असाव्यात: काय बिघडले व मी काय करीत आहे. 2024 च्या दिवाळीत त्याची परीक्षा झाली. माईंनी वर्षभर माझे नाव कोणाला सांगितले नव्हते. वाकडच्या बाईंनी मात्र आपण होऊन पुन्हा 8 किलो लाडू मागितले. मी लगेच जाऊन माईंना सांगितले. पुढे टेंपो उलटसुलट हाकल्याने एका डब्यातले लाडू फुटले. वाकडला फोन केला, दुसरा फोन माईंना. म्हटले, “माई, एक डबा फुटला. उद्या सकाळी दुसरा नेऊन देते.”

माई हसल्या. म्हणाल्या, “बरे झाले सांगितलेस. विहीणबाईंचा फोन यायच्या आत मीच त्यांना करते.”

या वर्षी वहीत “कोणी सांगितले” या रकान्यात माईंचे नाव पुन्हा आले आहे. एवढेच सांगावयाचे होते.